अलोहातली माया, अळूच्या बुडातली ओहना

प्रश्न: आम्ही तिघे भाऊ मिळून चिपळूणजवळ गावी नवीन घर बांधतोय. माझ्या मुलीला घराचं नाव 'ओहाना' हवंय आणि दारावर 'अलोहा' लिहायचंय. तिनं ते कार्टूनमध्ये ऐकलंय. शोधलं तर सगळीकडे एवढंच सापडतं की अलोहा म्हणजे नमस्कार आणि ओहाना म्हणजे कुटुंब. एका ठिकाणी अलोहाचा अर्थ 'श्वासासमोर' असा दिलाय. यात खरं किती? या शब्दांत याहून जास्त काही आहे का? आणि आपण ही नावं लावली तर ते चुकीचं दिसेल का?

उत्तर:

मी हवाई बेटावर हिलो गावात बरीच वर्षं काढली, तिथंच ही भाषा शिकले आणि आता तिच्यातून भाषांतराचं काम करते. त्यामुळे तुमच्या मुलीचा हट्ट वाचून मनापासून आनंद झाला.

श्वासाची गोष्ट आधी घेते, कारण तिच्यात अडकलं की पुढचं काही दिसत नाही. 'आलो' म्हणजे समोर, चेहरा. 'हा' म्हणजे श्वास. म्हणून अलोहा म्हणजे 'समोरासमोर श्वास', असं सांगतात. ऐकायला सुंदर आहे. हवाईत पूर्वी भेटल्यावर नाकाला नाक लावून एकमेकांचा श्वास घेत, त्याला 'होनी' म्हणतात, आणि ती प्रथा आजही आहे. त्यामुळे लोकांना ही फोड लगेच पटते. पण शब्द तसा बनलेला नाही. श्वासाचा 'हा' दीर्घ आहे. अलोहाच्या शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे, आपण देवनागरीत तो 'हा' लिहितो एवढंच. हवाईयन भाषेत ऱ्हस्व-दीर्घानं शब्द पार बदलतो, आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' वेगळे तसा.

याहून पक्का पुरावा शेजारच्या भाषांत आहे. सामोआत याच शब्दाचं रूप 'आलोफा', न्यूझीलंडच्या माओरीत आणि ताहितीत 'आरोहा', टोंगात 'ओफा'. हे योगायोगानं झालेलं नाही. सामोअन भाषेत जिथे 'फ' येतो तिथे हवाईयन भाषेत 'ह' येतो. घराला ते 'फाले' म्हणतात, हे 'हाले'. माओरीतल्या 'र'च्या जागी हवाईत 'ल' येतो. म्हणजे हा शब्द हवाईत बसून कुणी दोन तुकडे जोडून केलेला नाही. साधारण हजार वर्षांपूर्वी होड्या घेऊन माणसं त्या बेटांवर आली, तेव्हाच तो त्यांच्या तोंडी होता. मूळ पॉलिनेशियन शब्दाचा अर्थ होता प्रेम, आणि त्याच्या बरोबरीनं दया, कणव.

ही 'कणव' लक्षात ठेवा. अलोहाचा जो अर्थ बाहेर पोचलाच नाही, तो हाच.

हवाईयन शब्दकोशात अलोहासमोर प्रेम, जिव्हाळा येतात, तसेच करुणा, दया, सहानुभूती येतात, आठवण काढणं येतं आणि हळहळही येते. 'अलोहा इनो!' असा एक उद्गार आहे. त्याचं भाषांतर करायची वेळ आली की माझ्या हातून 'अरेरे!' हाच शब्द उतरतो. कुणाचं पीक गेलं, कुणाचं मूल आजारी पडलं, की तोंडातून 'अलोहा इनो' निघतं. एकोणिसाव्या शतकात हवाईयन भाषेतली वर्तमानपत्रं भरभरून निघत होती. त्यांत गेलेल्या माणसासाठी रचलेली शोकगीतं छापली जायची, त्यांना 'कानिकाउ' म्हणतात. बायको नवऱ्याला उद्देशून म्हणते, आपण अमक्या पावसात भिजलो, तमक्या वाऱ्यात चाललो. एकेक जागा, एकेक वारा, पाऊस नावानिशी घेते, आणि मधे मधे अलोहा येतो. तिथे 'नमस्कार' लावून बघा, ओळ मोडते. 'प्रेम' लावलं तरी ती पुरत नाही.

मराठीत मला सगळ्यात जवळचा शब्द वाटतो तो 'माया'. वेदान्तातली माया म्हणत नाही मी. 'आजीची फार माया होती आमच्यावर' म्हणतो ना, ती. त्या मायेत प्रेम आहे, दुसऱ्याच्या दुःखानं जीव कळवळणं आहे, आणि माणूस दूर गेला तरी ती राहते. नवशिक्यांना मी सांगते की अलोहा कुठे नीट लागत नसेल तर आधी 'माया' ठेवून बघा, मग संदर्भ पाहून 'कणव', 'जीव', 'अरेरे' यांच्याकडे जा.

मग हा शब्द नमस्कार कसा झाला? भेटल्यावर पूर्वी होनी होती, आणि वाटेनं जाणाऱ्याला घरातून हाक मारायची रीत होती: ये, आत ये, जेव. या हाकेला 'हेआहेआ' असा खास शब्दच आहे. १८२० मध्ये अमेरिकेतून मिशनरी आले, त्यांनी लिपी बसवली, छापखाना आणला आणि १८३९ पर्यंत सगळं बायबल हवाईयन भाषेत उतरवलं. देवाच्या प्रेमाला त्यांनी निवडला तो शब्द अलोहाच. पत्राच्या वरच्या ओळीत, सभेच्या सुरुवातीला तो शब्द येऊ लागला. 'शुभ सकाळ'सारखं 'अलोहा काकाहिआका' हे तर सरळ परदेशी वळणावर बेतलेलं आहे. नमस्कार हा या शब्दाचा खोटा अर्थ नव्हे, बराच नंतर बसलेला अर्थ आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मराठी माणसाचा कान आधीच तयार आहे, तिच्याकडे येते. हवाईयन माणूस सहसा नुसतं 'अलोहा' म्हणत नाही. त्याला पुढे कोण ते लागतं. एकट्याला 'अलोहा ओए', म्हणजे तुला. समोर एकच माणूस असेल तर बरेचदा 'अलोहा काउआ', म्हणजे आपल्या दोघांत. जमावापुढे 'अलोहा काकोउ', म्हणजे आपणा सगळ्यांत अलोहा असो. या 'काकोउ'चा जोडीदार आहे 'माकोउ'. काकोउ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण. माकोउ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही.

इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक शिकायला महिने लागतात, कारण त्याच्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे. आपल्याकडे 'आपण जेवू' आणि 'आम्ही जेवतो' यांतला फरक पाच वर्षांच्या पोराला कळतो. पाहुणा दारात उभा असताना 'आम्ही जेवतो' म्हटलं तर काय होईल ते सांगावं लागत नाही. हिलोला माझ्या वर्गात एकानं भाषणाच्या सुरुवातीला 'अलोहा माकोउ' म्हटलं. आमच्या बाईंनी त्याला थांबवलं, त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, तू आत्ता आम्हा सगळ्यांना घराबाहेर ठेवलंस. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. त्यानं 'काकोउ' म्हटलं आणि वर्गानं 'अलोहा' उत्तर दिलं. हॉटेलांच्या कार्यक्रमांत निवेदक लांबलचक 'अलोऽऽहा' ओरडतो आणि प्रेक्षकांना तसंच ओरडायला सांगतो, तिथे हे सर्वनाम गळालेलं असतं. नमस्कार उरतो, पण कोणाचा कोणाशी ते उरत नाही.

तुम्हाला कदाचित पाच अक्षरांचे पाच अर्थही वाचायला मिळाले असतील: आकाहाइ म्हणजे मृदुपणा, लोकाही म्हणजे एकोपा, ओलुओलु म्हणजे प्रसन्नता, हाआहाआ म्हणजे नम्रता, आहोनुइ म्हणजे धीर. ही मांडणी पिलाही पाकी या हवाईयन विदुषींची. १९८६ साली हवाई राज्यानं ती कायद्यातच घातली. ती शिकवण म्हणून खरी आहे आणि मला आवडते. तिला शब्दाची व्युत्पत्ती तेवढी समजू नका.

आता ओहाना. आधी उच्चार: मधला 'ह' ऱ्हस्व आहे आणि जोर त्याच्यावर, म्हणून मी पुढे 'ओहना' लिहिते. शब्दाच्या सुरुवातीला घसा क्षणभर बंद होऊन उघडतो. हवाईयन लिपीत तेरा अक्षरं आहेत, त्यांत या थांब्याला स्वतःचं अक्षर आहे, उलट्या स्वल्पविरामासारखं दिसणारं. ते व्यंजनच आहे, शोभेचं चिन्ह नाही.

ओहनाची ओळख तुम्हाला तुमच्या परसातच पटेल, कारण तिचं झाड तुमच्या ओळखीचं आहे. हवाईयन लोक ज्याला 'कालो' म्हणतात तो आपला अळू. तीच जात, घशाला खाजणारी तीच चीक. आपण मुख्यतः पानांवर जीव टाकतो, वड्या आणि फदफदं करतो. ते कंदावर जगत आले. कंद उकडायचा, दगडी वरवंट्यानं कुटायचा, पाणी घालून सरसरीत करायचा, त्याला 'पोइ' म्हणतात. पर्यटकांच्या मेजवानीला ज्यावरून 'लुआउ' नाव पडलं, तो लुआउ म्हणजे अळूची कोवळी पानं.

वाइपिओच्या खोऱ्यात मी पहिल्यांदा कालो उपटला. पाणी भरलेलं खाचर, पाय मांडीपर्यंत चिखलात. दोन्ही हात बुडाशी घालून, हलवून मुळं सैल करायची आणि मग वर ओढायचं. वर आला तो मधला मोठा कंद, आणि त्याला चिकटलेली लहान लहान पिल्लं, केळीच्या बुडाला मुनवे असतात तशी. त्या पिल्लांना 'ओहा' म्हणतात. मधल्या मोठ्याला 'माकुआ'. माकुआ म्हणजे आईबाप. शेतकरी आजोबांनी कंद आडवा कापला आणि वरची पातळ चकती देठांसकट बाजूला ठेवली. ही 'हुली'. खालचा कंद घरात जातो, हुली परत चिखलात जाते. साधारण वर्षभरानं तिच्या बुडाशी नवा कंद आणि नवे ओहा. बी लावत नाहीत. आज जे झाड उभं आहे ते आजोबांच्या आजोबांनी कापलेल्या हुलीतून अखंड चालत आलेलं असू शकतं.

ओहना हा शब्द याच 'ओहा'वरून आला, पुढे 'ना' प्रत्यय लागून, असं मेरी कावेना पुकुई यांनी मांडलं. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आयुष्य घालवलेल्या, हवाईयन शब्दकोशाच्या कर्त्यांपैकी एक. त्यांनी आणि मानववंशशास्त्रज्ञ हँडी यांनी हवाई बेटावरच्या काऊ भागातल्या कुटुंबव्यवस्थेवर १९५८ साली जे लिहिलं, त्यात हे येतं. तुम्ही म्हणाल, वर अलोहाच्या बाबतीत ऱ्हस्व-दीर्घावर बोट ठेवलंत, इथेही ओहा दीर्घ आणि ओहना ऱ्हस्व, मग हे कसं चालतं? शंका रास्त आहे. फरक असा की अलोहाला बहिणी आहेत, आलोफा आणि आरोहा, आणि त्या त्या फोडीविरुद्ध साक्ष देतात. ओहनाची फोडही पूर्ण पक्की म्हणता येत नाही, पण तिच्या बाजूनं भाषेतला सगळा संसार आहे. माकुआ झाडाचाही आणि माणसाचाही, 'केइकी' म्हणजे मूलही आणि फुटवाही, आणि अळूच्या पानाला देठ जिथे मिळतो त्या जागेला 'पिको' म्हणतात, म्हणजे बेंबी. एका शब्दावर अवलंबून नसलेली ही उपमा आहे.

तिच्यामागे एक कथाही आहे. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं. त्याला घराशेजारी पुरलं. तिथून कालोचं झाड उगवलं, त्याला हालोआ म्हणाले. दुसरं मूल माणसाचं, जिवंत, त्याचंही नाव हालोआच ठेवलं, आणि सगळी माणसं त्याची लेकरं. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. थोरल्यानं धाकट्याला जेवू घालायचं, धाकट्यानं थोरल्याची निगा राखायची. म्हणून पोइचं भांडं उघडं असेल तोवर घरात भांडण, उणंदुणं काढायचं नाही. हिलोला ज्या घरात मी जेवायला जायचे तिथे जमिनीच्या वादाचा विषय निघाला की आजी काही न बोलता भांड्यावर झाकण ठेवायच्या. मग बोला, असा त्याचा अर्थ. बोलून झालं की झाकण निघायचं.

या ओहनात कोण येतं? नात्यांची नावं बघितली की कळतं. आपण काका, मामा, आत्या, मावशी बारकाईनं वेगळे करतो. हवाईयन भाषेत आईला, मावशीला, आत्याला एकच शब्द, माकुआहिने. बाप, काका, मामा सगळे माकुआकाने. आजीआजोबा आणि त्यांची सगळी भावंडं कुपुना. चुलत-मामे भावंडं ही भावंडंच. पण तीच भाषा थोरल्या-धाकट्याचा फरक चोख ठेवते. त्यात गेलेले पूर्वजही येतात, 'आउमाकुआ' म्हणून, कुणाच्या घराण्यात शार्क, कुणाच्या घुबड होऊन राखण करणारे. समुद्राकाठचे आणि वर डोंगरात राहणारे नातेवाईक ही एकच ओहना असे. खालचे मासे घेऊन वर जात, वरचे अळू घेऊन खाली येत, आणि त्याचा हिशेब मांडत नसत.

पण रक्त हे या शब्दाचं एकच दार नाही. दुसरं दार आहे 'हानाइ'. शब्दाचा मूळ अर्थ भरवणं, पोसणं. आईबाप आपलं मूल नात्यातल्या किंवा जवळच्या माणसाला वाढवायला देत, बरेचदा जन्मतःच. पहिल्या मुलग्यावर बापाच्या आईबापांचा आणि पहिल्या मुलीवर आईच्या आईबापांचा हक्क मानत. पुकुई स्वतः अशाच आजीपाशी वाढल्या, आणि ती जुनी भाषा त्यांना आजीच्या तोंडून मिळाली.

आपल्या डोक्यात लगेच 'दत्तक' येतं. इथे भाषांतर घसरतं. दत्तक गेलेल्या मुलाचं गोत्र बदलतं, जन्मघराशी असलेला वारसा तुटतो. हानाइमध्ये काही तुटत नाही. एक खरं उदाहरण सविस्तर सांगते.

हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी १८३८ साली होनोलुलूत जन्मली. आई केओहोकालोले, वडील कापाआकेआ, दोघंही वरच्या घराण्यातले. जन्मल्यावर तिला हानाइ म्हणून दिलं कोनिया आणि तिचा नवरा पाकी यांना. त्यांना स्वतःची मुलगी होती, बर्निस पाउआही, सात वर्षांनी मोठी. लिलिउसाठी तीच बहीण. पुढे राणीनं आठवणी लिहिल्या, त्यात ती सांगते की मला बाप ठाऊक होता तो पाकी, आणि जन्मदात्या आईबापांची भेट झाली की मी त्यांच्याशी परक्या पाहुण्यांशी वागावं तशीच वागे. तिनं यात तक्रारीचा सूर लावलेला नाही. ती म्हणते, आमच्यात घराणी जवळ राहावीत म्हणून असंच करत.

आता पुढचं बघा. तिचा जन्माचा भाऊ कालाकाउआ १८७४ साली राजा झाला. त्याला मूल नव्हतं. १८७७ साली त्यानं वारस म्हणून जाहीर केलं ते या बहिणीला, जी त्याच्या घरात वाढलीच नव्हती. १८९१ मध्ये तो गेला आणि ती गादीवर आली. म्हणजे गादी जन्मघराकडून आली आणि बालपण, बहीण, आई म्हणायची माणसं पोसलेल्या घराकडून. दोन्ही मुळं एकाच वेळी जिवंत होती. स्वतःला मूल नसलेल्या या राणीनं तीन मुलं हानाइ घेतली, आणि १९०९ मध्ये आपली मालमत्ता अनाथ आणि निराधार मुलांसाठी विश्वस्त निधीत ठेवली. तो निधी आजही चालतो. 'रक्ताचं नसलं तरी ओहना' हे वाक्य सिनेमामुळे गोड झालंय. तिथल्या जुन्या घरांत ते असं घडायचं: कोणी कोणाला भरवलं, ते सगळ्यांसमोर, आणि जन्माचं नातं न लपवता.

हे दोन शब्द एकत्र कुठे येतात? जमिनीपाशी. हवाईयन भाषेत जमीन म्हणजे 'आइना'. याची भावंडं इतर बेटांवर बघा. माओरीत 'काइंगा' म्हणजे वस्ती, घर. टोंगात 'काइंगा' म्हणजे नातेवाईक. सामोआत 'आइगा' म्हणजे चक्क कुटुंब. ज्या शब्दानं सामोआतला माणूस आपलं कुटुंब सांगतो, त्याच शब्दानं हवाईतला माणूस आपली जमीन सांगतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

'अलोहा आइना' म्हणजे जमिनीवरची माया, आणि याच शब्दांत हवाईयन लोक देशभक्ती म्हणतात. १७ जानेवारी १८९३ ला परदेशी वंशाच्या व्यापारी-मळेवाल्यांच्या गटानं अमेरिकी सैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना राणीला पदच्युत केलं. त्याच वर्षी 'हुइ अलोहा आइना' ही संघटना निघाली, पुरुषांची एक आणि बायकांची एक. १८९७ मध्ये अमेरिकेत विलीनीकरणाचा तह मंजुरीला आला तेव्हा या संघटनांनी बेटाबेटांवर फिरून त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या: २१,२६९. तेव्हा हवाईयन वंशाची माणसं होती सुमारे ४० हजार. चार प्रतिनिधी ते कागद घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि तो तह मंजूर होऊ शकला नाही. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, तह टाळून साध्या ठरावानं बेटं जोडून घेतली. सह्यांचे कागद वॉशिंग्टनच्या दफ्तरात पडून राहिले. १९९६ साली नोएनोए सिल्वा या अभ्यासिकेनं ते शोधून काढले आणि लोकांना त्यांत आपल्या पणजोबा-पणजीची नावं सापडली. मी त्या पानांच्या प्रती पाहिल्या आहेत. बायकांच्या सह्यांची पानं वेगळी, नावापुढे वय लिहिलेलं. संघटनेच्या नावातच अलोहा. तिथे त्याचा अर्थ नमस्कार करून बघा.

ओहनाचंही असंच. काहोओलावे नावाच्या बेटावर अमेरिकी नौदल १९४१ पासून बाँबफेकीचा सराव करत होतं. ४ जानेवारी १९७६ ला नऊ जण बंदी मोडून तिथे उतरले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनं नावात घेतला तो शब्द ओहना. समिती नाही, पक्ष नाही. १९७७ च्या मार्चमध्ये त्यांच्यातले जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल त्या बेटाजवळच्या समुद्रात नाहीसे झाले. १९९० मध्ये बाँबफेक थांबली, १९९४ मध्ये बेट हवाईला परत मिळालं. न फुटलेले बाँब अजून सगळे निघालेले नाहीत. ती ओहना आजही माणसं घेऊन तिथे जाते आणि झाडं लावते.

आता तुमचं घर. 'ओहना' नाव लावायला माझी अजिबात हरकत नाही. तीन भाऊ एकत्र घर बांधताय, नाव जागेवर बसतं. आपल्या घराला नाव देणं वेगळं आणि तो शब्द दुकानाच्या पाटीवर मालकीचा म्हणून मिरवणं वेगळं. हवाईयन लोकांना दुखतं ते दुसरं. फक्त 'ओहाना' न लिहिता 'ओहना' लिहा, आणि मुलीला घसा थांबवून पहिला स्वर म्हणायला शिकवा. तिला ते दोन मिनिटांत येईल.

दारावर मात्र नुसतं 'अलोहा' लिहू नका. त्याला समोर माणूस लागतो, ते दारात आलेल्याकडे बघून तोंडानं म्हणायचं. तिथल्या दारांवर लिहिलेलं असतं 'ए कोमो माइ', म्हणजे आत या. तेवढं लिहा, किंवा सरळ मराठीत 'या' लिहा. आणि मोरीच्या सांडपाण्यावर अळू लावाल तेव्हा विकतची रोपं आणू नका. जुन्या घराच्या मागे जो अळू आहे त्याच्या बुडाची पिल्लं मुलीला स्वतःच्या हातानं सोडवू द्या आणि तीच नव्या परसात लावा. हाताला आधी खोबरेल लावायला सांगा, खाज येते.